कोंब उजेडाकडे, मूळ खाली: सीडीच्या डबीत आणि बुटाच्या खोक्यात करायचे प्रयोग, छोट्या उत्तरांसकट

नवरात्रात घट बसवतो तेव्हा मातीत पेरलेला गहू चार दिवसांत पिवळा, लांबुळका होऊन वर येतो आणि आमच्या भांडुपच्या घरात तर तो दरवर्षी एकाच बाजूला, म्हणजे खिडकीकडे, कललेला असतो. सासूबाई रोज घटाची थाळी फिरवून ठेवतात म्हणजे धान सरळ दिसेल, आणि त्याच सवयीवरून भाचीने मला विचारलं की मावशी, थाळी फिरवली की धान परत कसं वळतं, त्याला स्नायू आहेत का? तिची नववीची जर्नल भरायची होती, उत्तरं दोन-तीन ओळींची हवी होती, पण दोन ओळी लिहायला दोन रविवार गेले. ते प्रश्न, उत्तरं आणि प्रयोग जसे केले तसे खाली देते.

रोप वळतं म्हणजे नक्की काय होतं?

छोटं उत्तर: एका बाजूच्या पेशी दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त लांबतात, त्यामुळे कोंब किंवा मूळ वाकतं. दिशा असलेल्या उत्तेजनेमुळे होणाऱ्या अशा वाढीच्या हालचालीला अनुवर्तन म्हणतात.

यातला "वाढ" हा शब्द सोडू नका. लाजाळूची पानं मिटतात तिथे वाढ होत नाही, देठाच्या बुडाशी असलेल्या पेशींतलं पाणी बाहेर जातं आणि पान पडतं, आणि तुम्ही कुठल्याही बाजूने बोट लावा, पान त्याच पद्धतीने मिटतं. म्हणून लाजाळू अनुवर्तनात येत नाही, परीक्षेत हे उदाहरण हमखास चुकतं. भाचीनेपण आधी "रोप प्रकाश शोधत वळतं" असं लिहिलं होतं. शोधत वगैरे काही नाही, सावलीतली बाजू जास्त वाढते आणि कोंब आपोआप उजेडाच्या बाजूला झुकतो.

हे कोण घडवून आणतं?

छोटं उत्तर: ऑक्झिन नावाचं संप्रेरक. ते कोंबाच्या शेंड्यात तयार होतं आणि खाली उतरतं. एका बाजूने उजेड आला की ते सावलीच्या बाजूला जास्त जातं, तिथल्या पेशी जास्त लांबतात.

इथे एक जुना गैरसमज अजून गाइडमध्ये सापडतो, की उजेडामुळे ऑक्झिन "नष्ट होतं". तसं नाही. 1957 साली विन्स्लो ब्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या कोंबांची टोकं घेऊन तपासलं तर उजेडात ठेवलेल्या आणि अंधारात ठेवलेल्या टोकांतून मिळणारं ऑक्झिन एकूण जवळपास सारखंच होतं, आणि टोकाच्या मधोमध पातळ पडदा घालून दोन्ही बाजू पूर्ण वेगळ्या केल्या की फरक पडेनासा झाला. म्हणजे ऑक्झिन सरकतं, जळत नाही. उत्तरात "सावलीच्या बाजूला सरकतं" एवढंच लिहा, पुरतं.

पहिला प्रयोग: उजेड कुठे कळतो, टोकाला की बुडाला?

हा प्रयोग चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांचा, 1880 सालचा, आणि त्यांनी तो गवताच्या एका जातीच्या कोंबांवर केला होता. नंतर फ्रिट्स व्हेंट यांनी 1920च्या दशकात ओटच्या कोंबांवर काम करून टोकातून काहीतरी अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या, तुकड्यात उतरतं हे दाखवलं. ते वाचून आम्ही उत्साहाने घरातले नाश्त्याचे ओट्स पेरले, पाच दिवस पाणी घातलं, उगवेनात. मग डोक्यात आलं, ते वाफवून चपटे केलेले असतात, मेलेलंच बी ते. तर तुम्ही गहू घ्या, वाण्याकडचा दळायचा गहू चालतो, फक्त जुना किडका नको.

गहू रात्रभर म्हणजे साधारण 8 ते 10 तास भिजवा, मग एका उथळ डब्यात ओल्या मातीत किंवा कोकोपीटमध्ये 1 सेंटीमीटर खोल पेरा आणि डबा कपाटात पूर्ण अंधारात ठेवा. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी मातीवर 2 ते 2.5 सेंटीमीटरचे पांढरट, टोकदार कोंब आले. ही वेळ महत्त्वाची, कारण हे जे पांढरं दिसतं ते पान नाही, पानाला झाकणारं टोपीसारखं आवरण आहे, त्याला कोलिओप्टाइल म्हणतात, आणि सगळी गंमत या आवरणाच्या टोकात आहे. आणखी एक-दोन दिवस थांबलात तर आतलं हिरवं पान आवरण फाडून बाहेर येईल आणि प्रयोग हातचा जाईल. आमचा पहिला डबा असाच गेला, शनिवारी करू म्हणत राहिलो आणि शनिवारपर्यंत सगळ्यांना पानं.

आता टोप्या. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल घ्या, अगरबत्तीच्या काडीवर दोन वेढे देऊन 5 मिलिमीटर लांबीची नळी करा, वरचं तोंड चिमटीने बंद करा, काडी काढून घ्या. ही टोपी कोंबाच्या टोकावर अलगद बसली पाहिजे, दाबून नाही. दुसऱ्या गटाला तशीच टोपी पण पारदर्शक प्लास्टिकची, कारण कोणी म्हणेल टोपीच्या वजनाने कोंब वाकला नाही, तर त्याला हे उत्तर. तिसऱ्या गटाला फॉइलची सैल नळी बुडाशी, टोक उघडं. चौथा गट तसाच, काही न लावता. प्रत्येक गटात निदान 5 कोंब हवेत, एकावर काही सांगता येत नाही, गहू म्हणजे काही यंत्रातून काढलेले खिळे नाहीत.

बुटाचं खोकं घ्या, आतून काळा कागद चिकटवा, एका बाजूला फक्त 2 सेंटीमीटरची फट कापा, डबा आत ठेवून झाकण लावा आणि फटीसमोर एक फुटावर साधा पांढरा एलईडी दिवा लावा. जुना पिवळा बल्ब लावू नका, तो तापतो, मग वाकणं उजेडाने की उष्णतेने हा वाद उरतो. झाकणाच्या कडांतून उजेड झिरपतोय का ते बघायचं असेल तर खोलीत अंधार करून खोक्याच्या आत मोबाईलचा टॉर्च लावून ठेवा, जिथून प्रकाश बाहेर येतो तिथून तो आतही जाणार, तिथे काळी टेप मारा.

आम्ही सकाळी 9 वाजता दिवा लावला. 11 वाजता काही न लावलेले आणि पारदर्शक टोपीवाले कोंब किंचित झुकलेले दिसले, दुपारी 1 वाजता तर कोणालाही दिसेल इतके. बुडाला नळी असलेलेसुद्धा झुकले, फक्त त्यांचं वाकणं नळीच्या वर दिसत होतं. फॉइलची टोपी घातलेले 5 पैकी 4 सरळ. पाचवा झुकला होता आणि भाची रडकुंडीला आली, पण टोपी उचलून पाहिली तर ती वर सरकून फक्त टोकाच्या शेंड्यावर लटकत होती, खाली अर्धं टोक उघडं. कोंब वाढतो ना, टोपी ढकलली जाते. म्हणून दर दोन तासांनी बघा, आणि 6 तासांच्या पुढे हा प्रयोग नेऊ नका.

जर्नलसाठी निष्कर्ष: उजेड टोकाला कळतो, वाकणं टोकाच्या खाली होतं, म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी संदेश जातो. डार्विन पितापुत्रांना हे "काहीतरी" काय ते माहीत नव्हतं, ऑक्झिन हे नाव नंतर आलं. त्यामुळे या प्रयोगाच्या निष्कर्षात "ऑक्झिन सिद्ध झालं" असं लिहू नका, तुमच्या टोप्यांनी ते सिद्ध होत नाही.

कुठला रंग चालतो?

छोटं उत्तर: प्रामुख्याने निळा. रोपातली फोटोट्रोपिन नावाची प्रथिनं निळा प्रकाश टिपतात. लाल प्रकाशाने गव्हाचा कोंब वळत नाही.

करून बघायचं तर दुसरं खोकं घेऊन फटीवर स्टेशनरीवाल्याकडचा लाल जिलेटिन पेपर लावा, पहिल्यावर निळा. लाल एकेरी लावला तर स्वस्त कागदातून थोडा निळा निसटतो आणि कोंब हळूच झुकतात, दोन थर लावले की आमचे सरळ राहिले. याचा एक फायदापण आहे, टोप्या घालताना अंधारात काम करता येत नाही तेव्हा टॉर्चवर हाच दुहेरी लाल कागद लावून काम करा म्हणजे टोप्या घालेपर्यंत कोंब आधीच कुठे तरी वळून बसत नाहीत.

दुसरा प्रयोग: मुळाला खाली कसं कळतं?

छोटं उत्तर: मुळाच्या टोकावरच्या मूलटोपीत अशा पेशी असतात ज्यांत स्टार्चचे जड कण असतात. मूळ आडवं झालं की हे कण पेशीच्या नव्या तळाशी पडतात, त्यानुसार ऑक्झिन खालच्या बाजूला जास्त जातं. मुळात जास्त ऑक्झिनने वाढ मंदावते, म्हणून वरची बाजू जास्त वाढते आणि मूळ खाली वळतं.

हे वाक्य वाचून सगळे इथेच अडखळतात. कोंबात जास्त ऑक्झिन म्हणजे जास्त वाढ आणि मुळात जास्त ऑक्झिन म्हणजे कमी वाढ, असं कसं? एकच पदार्थ, पण मुळाच्या पेशी त्याला फारच हळव्या आहेत. अगदी थोड्या ऑक्झिनवरच त्यांची वाढ सर्वात चांगली होते, कोंबाला जेवढं मानवतं तेवढं मुळाला झालं की ते अडतं. सासूबाईंना मी असं सांगितलं की भाजीत मीठ आणि चहात मीठ, एकच चिमूट, दोन वेगळे परिणाम. आडव्या ठेवलेल्या रोपात खालच्या बाजूला दोन्हीकडे ऑक्झिन जास्तच असतं, फक्त कोंबाची खालची बाजू जास्त वाढून तो वर उठतो आणि मुळाची खालची बाजू थांबून ते खाली जातं. हा परिच्छेद समजला तर बाकी सगळं पाठ करायची गरज नाही.

प्रयोगाला मूग आणि सीडीची जुनी पारदर्शक डबी. सीडी कोणी वापरत नाही पण डब्या माळ्यावर पडलेल्या असतात, नसतील तर मिठाईचा पारदर्शक चपटा डबा. मूग रात्रभर भिजवून कापडात बांधून मोड आणा, मुंबईच्या हवेत एका दिवसात 1 ते 1.5 सेंटीमीटर मूळ येतं. उसळीला आणतो तसेच, फक्त मूळ सरळ असलेले निवडा, वाकडे उसळीत. डबीत टिश्यू पेपरचे तीन थर पाण्यात बुडवून, पिळून, पसरवा. पिळून हा शब्द गंभीरपणे घ्या, टिश्यूतून पाणी टपकत असेल तर मुळांना हवा मिळत नाही आणि पावसाळ्यात तर दुसऱ्याच दिवशी वास आणि पांढरी बुरशी. 6 मोड एका ओळीत ठेवा, मुळं सगळी खाली, डबी बंद करा आणि काळ्या कापडात गुंडाळून उभी ठेवा. कापड का, तर उजेडपण मुळावर परिणाम करतो, दोन कारणं एकत्र आली की उत्तर कोणाचं ते कळत नाही.

दोन-तीन तास तशीच राहू द्या म्हणजे मुळं स्थिरावतात, मग मार्करने प्रत्येक मुळाच्या टोकाची जागा आणि दिशा डबीवर बाहेरून खुणा करा, आणि डबी 90 अंश फिरवून बाजूवर उभी करा. आता मुळं आडवी. फोटो दर दोन तासांनी, मोबाईल एकाच उंचीवर ठेवून, मी डाळीच्या डब्याला टेकवला होता. नंतर फोटोवर कोनमापक ठेवून कोन मोजायचा.

आम्ही सकाळी 9 वाजता फिरवली. 11 वाजता टोकं नुकती खाली कललेली. दुपारी 1 वाजता सहा मुळांचे कोन आले 40, 45, 50, 35, 55 आणि 5 अंश. सहावं मूळ निरखून पाहिलं तर त्याचं टोक तपकिरी, सुकलेलं, डबीच्या कडेला टिश्यूपासून सुटलं होतं. ते सोडून पाचांची बेरीज 225, सरासरी 45 अंश. सहावं धरलं तर सरासरी 38 वर येते. भाची म्हणाली गुपचूप काढून टाकू, मी म्हटलं काढ पण जर्नलमध्ये लिही की काढलं आणि का काढलं, टोक सुकलं होतं हे दिसत होतं म्हणून, नुसतं आकडा आवडला नाही म्हणून नाही. रात्रीपर्यंत बहुतेक मुळं जवळजवळ सरळ खाली.

पण मूळ पाण्याकडे गेलं असेल तर?

हा प्रश्न बाहेरच्या परीक्षकांनी विचारला तर मुलं गप्प होतात, आणि प्रश्न रास्त आहे. डबी उभी असते, पाणी तळाशी उतरतं, मूळ ओलाव्याकडेही वळतं, त्याला जलानुवर्तन म्हणतात. टिश्यू पिळून घेतला तर फरक कमी होतो पण पूर्ण जात नाही. म्हणून एक दुसरी डबी करा, त्यातल्या मोडांच्या मुळाचं अगदी टोक, अर्धा ते एक मिलिमीटर, नव्या ब्लेडने कापा. पाणी तेच, टिश्यू तोच, मूळ काही तास लांबतही राहतं, पण मूलटोपी नसल्याने वळत नाही. आमच्या 6 पैकी 4 सरळ आडवी वाढली, दोन वळली, बहुधा कापताना हात आखडला. जास्त कापलं तर मूळ वाढणंच थांबतं आणि मग "वळलं नाही" याला काही अर्थ नाही, म्हणून लांबी वाढली का हेही मोजा.

तिसरी डबी हातानं फिरवायची. दर 15 मिनिटांनी पाव फेरी, एकाच दिशेने, तासाला एक पूर्ण फेरी, असं तीन-चार तास. गुरुत्वाची दिशा सतत बदलत राहते, मुळाला एकच "खाली" मिळत नाही, आणि ते थोडं नागमोडी पण एकंदर जसं होतं तसंच वाढतं. प्रयोगशाळेत हे काम क्लिनोस्टॅट नावाचं फिरतं यंत्र करतं. आम्ही भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याला डबी बांधायचा प्रयत्न केला, काट्याने मान टाकली आणि घड्याळ 20 मिनिटं मागे पडलं ते वेगळंच. हातानेच करा, मोबाईलला टायमर लावून. फिरवण्याची ही कल्पना तशी जुनी आहे, 1806 साली थॉमस नाइट यांनी पाण्याच्या चाकावर बिया वेगाने फिरवल्या, तर मुळं बाहेरच्या बाजूला आणि कोंब चाकाच्या मध्याकडे गेले, म्हणजे मुळाला जमीन कळत नाही, जोर कुठल्या दिशेने आहे ते कळतं.

कोंबाचं काय, तो उजेडामुळे वर जातो की गुरुत्वामुळे?

छोटं उत्तर: दोन्ही. वेगळं करायचं तर अंधारात बघा.

मुगाचं 5-6 सेंटीमीटर वाढलेलं रोप कुंडीसकट आडवं करून पूर्ण बंद खोक्यात ठेवा, उजेडाचा प्रश्नच नाही, तरी काही तासांत शेंडा वर उठतो. माती सांडू नये म्हणून कुंडीच्या तोंडावर कापड बांधा. आणि एक गोष्ट, अंधारात वाढलेल्या मुगाचा शेंडा मुळातच आकडीसारखा खाली वाकलेला असतो, तो बघून "कोंब खाली वळला" असं लिहू नका, ती आकडी उजेडात आपोआप सुटते. कोन मोजायचा तो शेंड्याचा नाही, देठाचा.

बाकीची संप्रेरकं दोन ओळींत द्यायची असतील तर?

जिबरेलिन खोड लांबवतं, भातावरच्या एका बुरशीजन्य रोगात रोपं उंचच उंच होऊन पडत, त्यावरून जपानमध्ये 1926 साली कुरोसावा यांच्या कामातून त्याचा मागोवा लागला. सायटोकायनिन पेशींचं विभाजन वाढवतं. ॲबसिसिक आम्ल पाण्याच्या ताणात पानांची रंध्रं बंद करतं. इथिलिन वायू फळ पिकवतो, मे महिन्यात हापूसची पेटी गवतात झाकून अढी लावतो तेव्हा आंब्यातून निघालेलं इथिलिन आतच राहतं आणि बाकीचे आंबेपण पिकतात. आणि ऑक्झिनचं रोजचं उदाहरण द्यायचं असेल तर तुळस, शेंडे खुडले की वरून येणारं ऑक्झिन थांबतं आणि बाजूचे फुटवे जोर धरतात.

प्रयोग फसला हे कसं ओळखायचं?

सगळे गहू एकाच बाजूला झुकले, फॉइलवालेसुद्धा, तर आधी टोप्या घसरल्या का बघा, मग खोक्याच्या झाकणाची फट बघा. कुणीच झुकलं नाही तर बहुतेक पान बाहेर आलंय किंवा दिवा नाइट लॅम्पसारखा लाल-नारिंगी आहे, त्यात निळा फारच कमी असतो. मुळं जिकडेतिकडे गेली तर टिश्यू ठिकठिकाणी सुकलाय. मुळं चिकट, वास येतोय, तर पाणी जास्त, पुन्हा नवे मोड घ्या, धुऊन चालत नाही. आणि चारपाच मुळांत एखादं उलटं वागलं तर ते फेकू नका, फोटो काढून ठेवा. आमच्या टोपी घसरलेल्या पाचव्या गव्हावर भाचीला तोंडी परीक्षेत प्रश्न आला आणि एवढ्या सगळ्यात तेच उत्तर तिने न अडखळता दिलं.